एकमालकी व्यवसायात घरचा आणि धंद्याचा पैसा वेगळा करताना: चालू खाते आणि मालकाचा पगार

एका पोळी-भाजी केंद्राचे उदाहरण घेऊ. केंद्र चालवणाऱ्या बाईंनी उपनगरात भाड्याने गाळा घेतला आहे, दोन मदतनीस ठेवले आहेत, महिन्याच्या डब्यांची गिऱ्हाइके आगाऊ पैसे देतात, रोजची सुटी विक्री होते आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी येतात. वर्षाची विक्री १६ लाख ८० हजार रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी १ लाख ४० हजार आहे. सगळा पैसा त्यांच्या बचत खात्यात आणि गल्ल्यात येतो. मुलाची फी, घरचे वीजबिल, तेलाचे डबे आणि मदतनिसांचा पगार हे सगळेही तिथूनच जाते. केंद्रातून नेमके किती मिळते, असे विचारले तर त्या "घर चालतं" असे उत्तर देतात. आकडे उदाहरणापुरते घेतले असले तरी अडचण बहुतेक एकमालकी व्यवसायांची हीच असते, म्हणून पुढची सगळी पावले याच केंद्राच्या हिशेबाने मांडली आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी. एकमालकी व्यवसाय आणि त्याचा मालक कायद्याच्या दृष्टीने एकच असतात. पॅन एकच असतो आणि धंद्याचे देणे थकले तर घरच्या मालमत्तेवरही दावा येऊ शकतो. वेगळे खाते उघडल्याने ही जबाबदारी कमी होत नाही. ठेवविम्याचेही तसेच आहे. बँक बुडाली तर मिळणारे ५ लाख रुपयांचे संरक्षण त्या बँकेतील तुमचे बचत खाते आणि तुमच्या एकमालकी फर्मचे चालू खाते मिळून एकत्र मोजले जाते. विशेषतः एखाद्या लहान सहकारी बँकेत दोन्ही खाती आणि मुदतठेवी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वेगळेपणाचा उपयोग हिशेबासाठी आहे, म्हणजे धंदा स्वतःच्या पायावर उभा आहे की घराच्या आधाराने, किंवा घर धंद्याचे भांडवल खात आहे का, हे दिसण्यासाठी आहे.

## पहिले पाऊल: मागचे वर्ष वेगळे करून पाहणे

खाते उघडण्याच्या आधी मागच्या बारा महिन्यांचे बचत खात्याचे विवरण काढावे आणि प्रत्येक नोंदीपुढे "ध" किंवा "घ", म्हणजे धंदा किंवा घर, अशी खूण करावी. काही नोंदी दोन्हीकडच्या असतात. घाऊक दुकानातून आणलेल्या किराण्यात घरचे धान्यही असते, त्यामुळे अशा नोंदींचे अंदाजे दोन भाग करावेत. रोखीचा खर्च विवरणात दिसत नाही. भाजी, दूध आणि सुटे सामान यांच्या चिठ्ठ्या असतील तर उत्तमच, नसतील तर चालू महिन्याचा खर्च रोज लिहून त्यावरून अंदाज बांधावा. हे काम कंटाळवाणे असले तरी ते टाळून पगाराचा आकडा ठरवला तर तो आकडा हवेतला राहतो.

या केंद्राच्या बाबतीत घरचा किराणा बाजूला काढल्यावर धंद्याचा महिन्याचा सरासरी खर्च १ लाख ३ हजार निघाला. त्यात किराणा, पीठ व तेल ३४ हजार, मदतनिसांचा पगार २८ हजार, भाजी व दूध १७ हजार, गाळ्याचे भाडे १२ हजार, गॅस ७ हजार आणि वीज, डबे-पिशव्या वगैरे ५ हजार असा वाटा आहे. म्हणजे मालकिणीने काही घेण्याआधी महिन्याला सरासरी ३७ हजार आणि वर्षाला ४ लाख ४४ हजार उरतात. मात्र ही शिल्लक सारखी नसते. सुट्यांमुळे गिऱ्हाइके गावी जातात म्हणून मे महिन्यात १९ हजारच उरले, तर दिवाळीच्या महिन्यात ७१ हजार उरले. पगार ठरवताना हाच चढउतार सगळ्यांत महत्त्वाचा ठरतो.

## खाते उघडणे

धंद्याच्या नावाने बचत खाते उघडता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार व्यापारी किंवा व्यावसायिक संस्थेला, मग ती एकमालकी का असेना, बचत खाते देण्यास बँकांना मनाई आहे. त्यामुळे फर्मच्या नावाने उघडायचे ते चालू खातेच असते आणि त्यावर व्याज मिळत नाही.

एकमालकी फर्मच्या खात्यासाठी मालकाचे पॅन, आधार आणि छायाचित्र लागतेच. त्याशिवाय फर्मच्या नावाने व्यवसाय चालतो हे दाखवणारी साधारणपणे दोन कागदपत्रे बँक मागते. उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र, दुकाने व आस्थापना कायद्याखालचा दाखला (ज्याला सगळे गुमास्ता म्हणतात), जीएसटी नोंदणी, व्यवसाय कराचे नोंदणीपत्र, व्यवसायाचे उत्पन्न दाखवलेले आयकर विवरणपत्र आणि फर्मच्या नावाचे वीजबिल यांतील कोणतीही दोन चालतात. दोन कागद मिळणे खरोखरच शक्य नाही याची बँकेला खात्री पटली, तर जागेची प्रत्यक्ष पडताळणी करून ती एकावरही खाते देऊ शकते. मात्र हा निर्णय बँकेचा असतो आणि शाखेतला अधिकारी तो सहसा टाळतो. त्यामुळे दोन कागद घेऊनच जावे.

लहान व्यावसायिकाला सर्वांत सोपी जोडी उद्यम आणि गुमास्ता यांची आहे. उद्यम नोंदणी udyamregistration.gov.in या सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनच्या आधारे होते आणि तिला कोणतेही शुल्क नाही. सरकारी वाटावे असे नाव घेऊन पैसे मागणारी खाजगी संकेतस्थळे शोधात आधी दिसतात, म्हणून पत्ता नीट पाहून मगच आधार क्रमांक टाकावा. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार मोजके कामगार असलेल्या आस्थापनांना पूर्ण नोंदणीऐवजी केवळ सूचना द्यावी लागते. ती ऑनलाइन देता येते आणि तिची पोचपावती हाच त्यांचा दाखला असतो. खाद्यपदार्थांच्या व्यवसायाला फूड लायसन्स वेगळे लागतेच.

अर्ज अडतो तो बहुधा नावावर. उद्यममध्ये एक नाव, गुमास्त्यावर दुसरे आणि दुकानाच्या पाटीवर तिसरेच असेल, "पोळीभाजी" कुठे एकत्र आणि कुठे तोडून लिहिले असेल, तर बँक अर्ज परत करते. म्हणून पहिला कागद काढण्यापूर्वीच फर्मचे नाव मराठी व इंग्रजी अक्षरांत एकदा ठरवून लिहून ठेवावे आणि सगळीकडे तेच जसेच्या तसे द्यावे. पत्त्याबाबतही हाच नियम लागू पडतो. गाळा भाड्याचा असेल तर भाडेकरार आणि गाळामालकाच्या नावाचे अलीकडचे वीजबिल जवळ ठेवावे. बँकेचा माणूस जागा पाहायला येऊ शकतो, तेव्हा पाटी लागलेली असावी. फर्मचा शिक्का बनवून घ्यावा, कारण खाते उघडण्याच्या अर्जावर आणि पुढे धनादेशांवर तो लागतो.

तुमच्यावर आधीच कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्टचे कर्ज असेल तर ते लपवू नये. चालू खाते उघडताना बँक कर्जांबाबत घोषणापत्र घेते आणि पतमाहिती तपासते. शिवाय अशा कर्जदारांनी दुसऱ्या बँकेत चालू खाते उघडण्याविषयी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. लहान कर्जदाराला त्यांचा फारसा जाच होत नाही, पण माहिती दडवली तर नंतर खाते अडकू शकते.

बँक निवडताना व्याजाचा प्रश्न नसल्यामुळे शुल्काकडेच पाहायचे असते, आणि त्यातही तीन गोष्टी मुख्य आहेत. पहिली सरासरी शिल्लक. बँक महिन्याच्या किंवा तिमाहीच्या रोजच्या दिवसअखेरच्या शिलकांची बेरीज करून तिला दिवसांनी भागते. म्हणजे दहा हजारांची अट असेल आणि महिन्याचे पंधरा दिवस खात्यात वीस हजार व उरलेले पंधरा दिवस जवळजवळ शून्य असेल, तरी अट पूर्ण होते. अट मोडली तर आकार लागतो आणि त्यावर जीएसटीही लागतो. दुसरी गोष्ट रोख भरण्याची मोफत मर्यादा. गल्ल्याचा धंदा असणाऱ्याला हा खर्च सर्वांत जास्त झोंबतो, कारण मर्यादेपुढे हजारामागे आकार लागू शकतो. तिसरी शाखेचे अंतर. रोख भरायला रिक्षा करावी लागत असेल तर पैसा गल्ल्यातच राहतो, आणि गल्ल्यात राहिलेला पैसा घरी जातो. अर्जातच नामनिर्देशनही करून घ्यावे. एकमालकी फर्मच्या खात्याला ते करता येते, पण अर्ज भरून घेणारा अनेकदा तो रकाना रिकामा सोडतो.

## पैसा वळवण्याचा दिवस

खाते हाती आले की कोणत्याही महिन्याची १ तारीख निवडावी. १ एप्रिल असेल तर वर्षाचा हिशेब सोपा होतो, पण त्यासाठी सहा महिने थांबण्यात अर्थ नाही. त्या दिवशी घराचे किती आणि धंद्याचे किती, हे एका कागदावर मांडावे.

केंद्राच्या बाईंकडे ३१ मार्चच्या रात्री बचत खात्यात ९२ हजार आणि गल्ल्यात साडेसात हजार होते. गिऱ्हाइकांकडे ११ हजारांची उधारी होती. पण मदतनिसांचा मार्चचा २८ हजार पगार द्यायचा होता, किराणा दुकानाचे २४ हजार देणे होते आणि एप्रिलच्या डब्यांचे ४६ हजार आगाऊ घेतलेले होते. हे सगळे मिळून ९८ हजार होतात. म्हणजे खात्यातले जे ९२ हजार त्या घरची बचत समजत होत्या, त्यातले जवळजवळ सगळे कुणाला तरी देणे होते. डब्याचे आगाऊ घेतलेले पैसे ही उत्पन्नासारखी भासणारी देणी आहेत, कारण महिनाभर स्वयंपाक करून दिल्यानंतरच ते पैसे तुमचे होतात. शिकवणीवर्ग, जिम आणि वर्गणी घेणारा कोणताही व्यवसाय इथेच फसतो.

पहिल्या दिवशी ९८ हजार उचलून चालू खात्यात टाकता येत नाहीत, कारण घरही चालायला हवे. त्यांनी ६० हजार चालू खात्यात भरले आणि ३२ हजार बचत खात्यात ठेवले. या ६० हजारांची नोंद "मालकाचे भांडवल" अशी करायची. पुढे कधी घरातून धंद्यात पैसे टाकावे लागले तरी नोंद तशीच करावी. तसे न केल्यास ती रक्कम विक्री समजली जाते आणि नफा फुगलेला दिसतो. विक्री समजण्याचा धोका कर आकारणीतही असतो, म्हणून बँक हस्तांतराच्या तपशिलात "भांडवल" असे लिहिलेले बरे.

## येणाऱ्या पैशाच्या वाटा

खाते उघडून तीन महिने झाले तरी निम्मी विक्री बचत खात्यातच येत आहे, असे अनेक ठिकाणी दिसते आणि कारण बहुधा जुना क्यूआर कोड असते. नवा व्यापारी क्यूआर चालू खात्याला जोडून घ्यावा आणि जुना केवळ झाकून न ठेवता फाडून टाकावा. तोच कोड डब्याच्या कार्डावर छापलेला असतो आणि व्हॉट्सअॅपवर जुन्या गिऱ्हाइकांकडे चित्र म्हणून साठवलेला असतो, हे विसरू नये. काही गिऱ्हाइके क्यूआर न वापरता थेट मोबाइल क्रमांकावर पैसे पाठवतात. त्यासाठी यूपीआय ॲपमध्ये पैसे स्वीकारण्याचे ठरलेले खाते कोणते आहे ते पाहून बदलावे, किंवा धंद्यासाठी वेगळा क्रमांक ठेवावा. एवढे करूनही काही रक्कम बचत खात्यात येणारच. ती रोज वळवत बसू नये. आठवड्याला एकदा अशा नोंदींची बेरीज करून तेवढी एक रक्कम चालू खात्यात पाठवावी आणि तपशिलात "विक्री जमा" लिहावे.

रोखीसाठी नियम कडक असावा. गल्ल्यातून घरखर्चाला काहीही घ्यायचे नाही, शंभर रुपयेही नाहीत. संध्याकाळी गल्ला मोजून रोजमेळात लिहावा आणि दोन-तीन दिवसांनी रोख बँकेत भरावी. सकाळी भाजी आणायला रोख लागते, म्हणून तीन हजारांची एक वेगळी डबी ठेवावी. तीत पैसे आणि चिठ्ठ्या मिळून नेहमी तीन हजारच भरले पाहिजेत, आणि पैसे संपले की चिठ्ठ्यांइतकी रक्कम पुन्हा घालावी. एका दिवशी एकाच व्यक्तीला १० हजारांपेक्षा जास्त रोख दिलेला धंद्याचा खर्च आयकरात साधारणतः मान्य होत नाही. त्यामुळे किराण्याचे मोठे बिल बँकेतूनच द्यावे.

रोख बचत खात्यात भरण्याचा आणखी एक तोटा आहे. वर्षभरात बचत खात्यात १० लाख किंवा त्याहून अधिक रोख भरली तर बँक ते आयकर विभागाला कळवते, तर चालू खात्यासाठी ही मर्यादा ५० लाख आहे. वर्षाला साडेआठ लाख रोख गोळा करणारे आपले केंद्र थोडे वाढले की बचत खात्यातली मर्यादा ओलांडेल, आणि घरखाते म्हणून दाखवलेल्या खात्यात एवढी रोख कुठून आली, हे समजावत बसावे लागेल.

स्वयंपाकाच्या धंद्यात घर आणि दुकान मिसळण्याची जागा किराण्याच्या पिशवीत असते. एकाच दुकानातून सामान घ्यायला हरकत नाही, पण बिले दोन करून घ्यावीत आणि घरचे बिल बचत खात्यातून द्यावे. केंद्रातून रोज घरी नेला जाणारा डबा हीसुद्धा मालकाने घेतलेली रक्कम, म्हणजे उचलच आहे. तिची विक्रीची किंमत न धरता सामानाचा खर्च धरून महिन्याला एकदा उचलेच्या पानावर नोंद करावी. रात्री उरलेली भाजी मात्र लिहीत बसण्याची गरज नाही, ती नाहीतरी फेकली गेली असती. घराच्या ओट्यावरच धंदा चालत असेल, तर वीजबिलाचा ठरावीक हिस्सा, समजा निम्मा, दरमहा चालू खात्यातून बचत खात्यात द्यावा आणि हे प्रमाण वर्षभर बदलू नये.

## पगार किती ठरवायचा

घरी जेवढे लागतात तेवढा पगार, ही पद्धत सर्वांत जास्त चालते आणि तीच चुकते. केंद्राच्या बाईंच्या वाट्याचा घरखर्च महिन्याला ३१ हजार होता. सरासरी शिल्लक ३७ हजार आहे, मग ३१ घ्यायला काय हरकत आहे, असे वाटते. पण मागच्या वर्षी एप्रिलमध्ये ३४, मे मध्ये १९ आणि जूनमध्ये २७ हजार उरले होते. या तीन महिन्यांची बेरीज ८० हजार होते, आणि ३१ च्या हिशेबाने ९३ हजार बाहेर गेले असते. जूनअखेर १३ हजारांचा खड्डा पडतो आणि तो किराणा दुकानाची उधारी लांबवून भरला जातो. दिवाळीत पैसा आला की उधारी फिटते आणि वर्ष बरे गेल्यासारखे वाटते.

म्हणून आधी सर्वांत चांगला महिना बाजूला ठेवावा. दिवाळीचे ७१ हजार वगळले तर उरलेल्या अकरा महिन्यांची सरासरी ३४ हजारांच्या किंचित खाली येते. यातून मिक्सर, शेगडी आणि फ्रिज यांच्या दुरुस्ती व बदलासाठी आणि पडत्या महिन्यांसाठी काही मागे राहायला हवे. पाचवा किंवा सहावा हिस्सा मागे ठेवला तर पगार २८ हजार येतो. वर्षाचे ३ लाख ३६ हजार पगारात जातात आणि १ लाख ८ हजार धंद्यात राहतात. नव्या व्यवसायाला बारा महिन्यांचे आकडे नसतात. त्याने तीन महिन्यांतला सर्वांत वाईट आकडा घेऊन सुरुवात करावी.

पण २८ हजार पहिल्याच महिन्यापासून घेता येतील का, हे वेगळे तपासावे लागते. ६० हजार आणि गल्ल्यातले साडेसात हजार यांतून ५ एप्रिलपर्यंत पगार व भाड्याचे ४० हजार जातात, महिन्याच्या मध्याला किराण्याचे २४ हजार जातात, डब्यांचे पैसे आधीच घेतलेले असल्याने त्या महिन्यात फक्त सुटी विक्री येते, आणि समोर मे महिना असतो. म्हणून पहिले तीन महिने २२ हजार आणि जुलैपासून २८ हजार असा आकडा ठरला. मागच्या वर्षासारखेच वर्ष गेले तर पहिल्या तिमाहीअखेर १४ हजार, सप्टेंबरअखेर ३७ हजार आणि दिवाळीनंतर ८० हजार मागे पडतात. घरात तीन महिने कमी पडणारे २७ हजार बचत खात्यात ठेवलेल्या ३२ हजारांतून भागतात. जुलैनंतरही दरमहा तीन हजार कमी पडणार आहेत. त्यासाठी पगार वाढवायचा नाही, घरचा खर्च किंवा डब्याचा दर बदलायचा. डबा स्वस्त विकून घर तोट्यात चालत असेल तर ते याच टप्प्यावर उघडे पडते, आणि दर वाढवण्याचे धैर्य बहुधा हा आकडा पाहूनच येते.

एक तुलना मुद्दाम करून पाहावी. तुम्ही उद्यापासून आला नाहीत, तर स्वयंपाक, हिशेब आणि गिऱ्हाईक सांभाळणारा माणूस किती पगारावर मिळेल? तो ३० हजार मागणार असेल आणि धंदा तुम्हाला २८ हजारच देऊ शकत असेल, तर धंद्याचा नफा म्हणून काही उरतच नाही. उरते ती तुमची मजुरी.

## तारीख, नोंद आणि कर

पगाराची तारीख मदतनिसांचा पगार आणि भाडे गेल्यानंतरची असावी. १ तारखेला डब्यांचे आगाऊ पैसे जमा झालेले असतात आणि खाते भरलेले दिसते. त्या दिवशी घेतलेला पगार नेहमी जरा सढळ होतो. केंद्राने १० तारीख ठरवली. बँकेला स्थायी सूचना देऊन चालू खात्यातून बचत खात्यात २८ हजार आपोआप जातील असे करावे, म्हणजे दर महिन्याला नव्याने विचार करावा लागत नाही. त्या दिवशी शिल्लक अपुरी असेल तर काय, हेही आधीच ठरवून ठेवावे. केंद्राचा नियम असा आहे की पगार दिल्यावर खात्यात १५ हजारांपेक्षा कमी उरणार असतील, तर त्या महिन्यात पगार तेवढा कमी घ्यायचा. राहिलेली रक्कम थकबाकी धरायची नाही, कारण एकमालकीत मालक स्वतःचा धनको होऊ शकत नाही. महिन्याच्या मध्येच घरी पैसे लागले तर चालू खात्याला हात न लावता पुढच्या पगारापर्यंत घरच्याच पैशात भागवावे. तेही शक्य नसेल तर घेतलेली रक्कम उचलेच्या पानावर लिहावी आणि पुढच्या पगारातून वजा करावी.

हिशेबाच्या वहीत हा "पगार" खर्चात लिहायचा नाही. त्याचे नाव "मालकाची उचल" आणि जागा भांडवलाच्या पानावर. करासाठी हा फरक मोठा आहे. एकमालकीत मालकाने स्वतःला दिलेला पगार नफ्यातून वजा होत नाही, त्यावर टीडीएस कापायचा नसतो आणि फॉर्म १६ ही मिळत नाही. केंद्राने ३ लाख ३६ हजार घेतले किंवा १ लाख घेतले, तरी कराचा विचार ४ लाख ४४ हजारांच्या नफ्यावरच होतो. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, पण नफा ४ लाखांच्या वर असल्याने विवरणपत्र भरावे लागते. विवरणपत्रात पगारदाराचा रकाना भरणे ही चूक मात्र पुष्कळदा होते. तो रकाना आणि त्यासोबतची प्रमाणित वजावट यांचा या उत्पन्नाशी संबंध नाही. गृहकर्ज मागताना बँक पगारपत्रक मागेल, तेव्हा विवरणपत्रे आणि चालू खात्याचे विवरण हेच पुरावे ठरतात. त्यांत दर १० तारखेची सारखी उचल दिसली तर काम सोपे होते.

नफा वाढून कर लागू लागला, तर तो पगारातून न भरता धंद्यात मागे ठेवलेल्या रकमेतून भरावा. जीएसटी नोंदणी असणाऱ्यांनी गोळा केलेला कर दर आठवड्याला वेगळ्या ठेवीत काढून ठेवलेला बरा. केंद्राची विक्री अजून सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेखाली आहे, पण १६ लाख ८० हजारांवरून ती फार लांब नाही.

## मार्चमध्ये

डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास मागे ठेवलेली रक्कम एका महिन्याच्या धंदाखर्चाइतकी, म्हणजे १ लाख ३ हजार होते. त्याआधी पगाराव्यतिरिक्त काहीच घ्यायचे नाही, दिवाळीतसुद्धा नाही. मार्चअखेर १ लाख २६ हजार झाले, तर वरच्या २३ हजारांपैकी काही नव्या शेगडीसाठी ठेवून उरलेले एकदाच जादा उचल म्हणून घेता येतात. नवा पगार एप्रिलमध्येच, बारा महिन्यांच्या नव्या आकड्यांवरून ठरवावा. मधल्या काळात एखादा महिना चांगला गेला म्हणून तो वाढवू नये.

व्यवस्था बिघडते आहे हे काही खुणांवरून कळते. पगाराच्या तारखेआधीच चालू खात्यातून घराचे हप्ते जाऊ लागतात, किराणा दुकानदाराची मुदत पंधरा दिवसांवरून महिन्यावर जाते, किंवा बचत खात्यातून चालू खात्यात दरमहा "भांडवल" येऊ लागते. ही शेवटची खूण सर्वांत गंभीर आहे. सलग तीन महिने असे झाले तर पगार धंद्याला झेपत नाही आणि तो घरच्याच पैशातून फिरून येतो आहे.

पुढे नवऱ्याला किंवा बहिणीला भागीदार करून घेतले तर नियम बदलतात. भागीदारीत काम करणाऱ्या भागीदाराचा पगार करारनाम्यात लिहिलेला असेल तरच आणि कायद्याने ठरवलेल्या मर्यादेतच फर्मच्या नफ्यातून वजा होतो. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षात २० हजारांपेक्षा जास्त दिल्यास त्यावर फर्मला १० टक्के टीडीएसही कापावा लागतो. खाजगी कंपनीत संचालकाचा पगार हा खराखुरा पगार असतो, आणि पगाराबाहेर कंपनीच्या खात्यातून उचललेले पैसे कर्ज किंवा लाभांश मानले जाऊ शकतात. तिथे उचलेचे पानच नसते, त्यामुळे रूप बदलण्याआधी सीएकडून करारनामा आणि पगाराचा ठराव तयार करून घ्यावा.